चार टेनर उभे कुठे करायचे?

वसईतल्या आमच्या धर्मग्रामाच्या गायनवृंदात 22 जण आहेत: बायकांत वरच्या सुराच्या आठ सोप्रानो आणि खालच्या सुराच्या सहा आल्टो, पुरुषांत वरच्या सुराचे चार टेनर आणि खालच्या सुराचे चार बास. उभं राहायची रीत जुनी, बायका पुढे आणि पुरुष मागे. नाताळच्या तालमी माझ्याकडे आल्या तेव्हा टेनर सारखे सुरात खाली घसरत होते आणि आवाजही चढवत होते. त्यांना बाजूला घेऊन गायला लावलं, तर सूर पक्का! म्हणजे अडचण गळ्याची नव्हती. मागच्या कोपऱ्यात त्यांच्या कानावर शेजारचे बास तेवढे पडत होते. स्वतःचा आवाज ऐकू येईनासा झाला की माणूस नकळत जोर लावतो.

मी टेनरना मधोमध आणलं. डावीकडे सोप्रानो चार-चारच्या दोन रांगांत, उजवीकडे आल्टो तीन-तीनच्या, मध्ये टेनर दोन पुढे, दोन मागे. दुसरी रांग वेदीच्या पहिल्या पायरीवर. चारही बास त्याच्या वरच्या पायरीवर, सोप्रानोंच्या पाठीशी, कारण खालचा सूर पाठीमागून मिळाला की वरचा सूर त्यावर नीट बसतो.

मग उंची. दोन टेनर चांगलेच उंच, पण ते मागे उभे केले तर त्यांच्यामागे कोणीच येत नव्हतं, त्यामुळे प्रश्न सुटला. बाकीच्यांना पुढच्या दोघांच्या मधल्या फटीत उभं केलं. माझी कसोटी सोपी होती: मला प्रत्येकाचं तोंड दिसलं पाहिजे. तोंड दिसत नसेल तर तो आवाज पुढच्याच्या पाठीवर आदळतोय.

सगळ्यात जास्त वेळ सोप्रानोंनी घेतला, आणि मला तोच भाग सर्वांत आवडला. अमेरिकेतल्या ल्यूथर कॉलेजचे वेस्टन नोबल शेजारी निवडण्यासाठी आवाज जोडून पाहत, तीच पद्धत मी वापरली. दोघींना एकच ओळ एकत्र गायला सांगायची, मग जागांची अदलाबदल करून तीच ओळ पुन्हा. एका मुलीचा आवाज तेजस्वी पण थरथरता, उंचीनुसार तिची जागा टोकाला. तिथे ती एकटीच ऐकू यायची. सरळ, मऊ आवाजाच्या एका काकूंच्या डाव्या हाताला उभी केल्यावर मात्र दोघींचा मिळून एकच आवाज झाला. उजवीकडे तसं होईना. म्हणून तिला मागच्या रांगेत काकूंच्या डावीकडे ठेवलं आणि उंचीचा क्रम तिथे मोडू दिला.

दोघांच्या खांद्यांत वीतभर अंतर ठेवलं. मग किबोर्डवर सुरुवातीचा सूर देऊन दोन कडवी साथीशिवाय गायला लावली आणि शेवटचा सूर किबोर्डशी ताडून पाहिला. टेनर आता उतरले नव्हते.

मैदानातल्या मिस्साला मात्र ही मांडणी जशीच्या तशी चालत नाही. तिथे आवाज परतवायला भिंत नसते, म्हणून तिथे मी सगळ्यांना जवळ घेते आणि रांगांची टोकं आत वळवून अर्धवर्तुळ करते.