सीटीत एवढं दिसतंय, मग गोळ्या का नाहीत?

"डॉक्टर, सीटीच्या रिपोर्टमध्ये पानभर लिहून आलंय आणि तुम्ही म्हणताय सध्या काही घ्यायचं नाही. म्हणजे अंगावर काढायचं का?"

अंगावर काढायचं नाही, लक्ष ठेवायचं. सारकॉइडोसिस, म्हणजे फुफ्फुसात आणि छातीतल्या गाठींत सूज आणणाऱ्या पेशींचे पुंजके तयार होणारा आजार, त्यात हा फरक महत्त्वाचा. तो एका पेशंटवरून सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.

सातपूरला कारखान्यात नोकरी, वय ३७. कंपनीच्या वार्षिक तपासणीत एक्स-रे काढला, तर छातीच्या मध्यभागी दोन्ही बाजूंना सावली फुगलेली. अधूनमधून कोरडा खोकला, बाकी तक्रार काहीच नाही. कुणीतरी 'टीबीच असणार, औषधं सुरू करून टाका' म्हणालं होतं. आपल्याकडे छातीत गाठ दिसली की हेच पहिलं सुचतं, आणि टीबी इतका पसरलेला असताना ते चूकही नाही. पण औषध सुरू करण्याआधी सीटी नीट वाचायला हवा.

त्यांच्या सीटीत फुफ्फुसांच्या मुळाशी डावीकडे-उजवीकडे जवळजवळ सारख्याच आकाराच्या गाठी होत्या, आणि श्वासनलिकेच्या उजव्या अंगाला आणखी एक. हा सारखेपणा महत्त्वाचा. टीबीच्या गाठी बहुधा एका बाजूला जास्त असतात आणि कॉन्ट्रास्ट दिल्यावर त्यांचा मधला भाग काळपट, कडा तेवढी उजळ दिसते. यांच्या गाठी आतून एकसारख्या होत्या. फुफ्फुसात, विशेषतः वरच्या आणि मधल्या भागात, बारीक ठिपके होते आणि ते कुठेही विखुरलेले नव्हते. श्वासनलिका आणि रक्तवाहिन्यांच्या कडेने, फुफ्फुसाच्या दोन भागांमधल्या फटीवर आणि बाहेरच्या आवरणालगत ते ओळीने बसले होते, दोऱ्यात मणी ओवावेत तसे. लसीकावाहिन्या याच वाटांनी जातात आणि सारकॉइडोसिसच्या पेशींचे पुंजके त्यांच्या कडेनेच तयार होतात. रिपोर्टमधलं 'पेरिलिम्फॅटिक नोड्यूल्स' म्हणजे हेच.

तरी नुसत्या चित्रावर नाव ठेवून मोकळं होता येत नाही. त्यांची मांटू चाचणी अजिबात उठली नाही. टीबीचे जंतू आसपास असताना मोठ्या माणसाच्या हातावर काहीच न उठणं हा सारकॉइडोसिसकडे बोट दाखवणारा इशारा असतो, पुरावा नव्हे. मग ईबस केलं, म्हणजे दुर्बिणीच्या टोकाला असलेल्या सोनोग्राफीच्या मदतीने श्वासनलिकेतून गाठीत सुई घालून नमुना घेतला. त्यात ग्रॅन्युलोमा, म्हणजे तेच पेशींचे पुंजके सापडले, पण टीबीत बहुधा असतो तसा मध्ये सडलेला भाग नव्हता. टीबीचे जंतू शोधणाऱ्या जीनएक्सपर्ट तपासणीत टीबी आला नाही. टीबी कल्चरचा अंतिम निकाल यायला सहा आठवडे लागतात. तो येईपर्यंत थांबलो, आणि तोही निगेटिव्ह आला.

आता मुख्य प्रश्न, औषध द्यायचं की नाही. ब्रिटिश डॉक्टर स्कॅडिंग यांनी १९६१ मध्ये एक्स-रेवरून पाडलेले टप्पे आजही वापरले जातात. पहिल्यात फक्त गाठी, दुसऱ्यात गाठी आणि फुफ्फुसातले ठिपके, तिसऱ्यात फक्त फुफ्फुसात बदल, चौथ्यात व्रण आणि आकसलेलं फुफ्फुस. लोक याला कॅन्सरच्या स्टेजसारखं समजतात आणि 'दुसऱ्या स्टेजला आहे' ऐकलं की हबकतात. पण पेशंट पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा चढत जाईल असं काही नसतं. फक्त गाठी असतील तर निम्म्याहून बऱ्याच जास्त लोकांमध्ये आजार आपोआप विरतो, आणि दुसऱ्या टप्प्यातही साधारण निम्म्यांमध्ये. हे बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांत घडतं. चौथ्या टप्प्यातला व्रण मात्र विरत नाही.

त्यामुळे मी आधी बघतो तो दम आणि पीएफटी, म्हणजे फुफ्फुसांची क्षमता मोजणारी तपासणी. सातपूरच्या पेशंटची एफव्हीसी, म्हणजे एका दमात जोराने बाहेर सोडता येणारी हवा, ३.६ लिटर होती, अपेक्षेच्या ९२ टक्के. प्राणवायू रक्तात किती सहज जातो ते सांगणारी डीएलसीओ ८१ टक्के. पांडवलेणी न थांबता चढत होते. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं, ईसीजी काढला, कॅल्शियम, किडनी आणि लिव्हर तपासलं. सगळं ठीक. मग स्टेरॉईड कशासाठी द्यायचं? त्याने सीटीतले ठिपके लवकर पुसले गेले असते, पण साखर चढते, वजन वाढतं, हाडं विरळ होतात, आणि जे आपणहून जाणार होतं त्यासाठी ही किंमत मोजावी लागते. आम्ही तीन ते सहा महिन्यांनी एक्स-रे आणि पीएफटी करत राहिलो. सहाव्या महिन्यात गाठी लहान दिसल्या, दीड वर्षात एक्स-रे जवळजवळ स्वच्छ. दर वेळी सीटी काढली नाही, त्याची गरज नव्हती.

दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागायतदार ताईंचं उलट झालं. वय ५२. गाठी बारीक, रिपोर्टही छोटा. पण वरच्या भागात रेघा ओढल्यासारखा व्रण आणि त्याने खेचल्या गेलेल्या श्वासनलिका दिसत होत्या. सप्तशृंगीच्या पायऱ्या आता मध्ये बसून-बसून चढावं लागतं, असं त्या म्हणाल्या. सहा महिन्यांत एफव्हीसी २.४ लिटरवरून २.०५ वर आली, म्हणजे चौदा टक्क्यांहून जास्त घट. एफव्हीसी दहा टक्क्यांनी किंवा डीएलसीओ पंधरा टक्क्यांनी घसरली की मी वाट बघत नाही. व्रण परत मिळत नाही, पण सोबतची सूज आटोक्यात आणली तर पुढचा व्रण टळू शकतो.

त्यांना प्रेडनिसोलोन हे स्टेरॉईड रोज २० मिलिग्रॅमने सुरू केलं. चंडीगढच्या पीजीआयमधल्या २० विरुद्ध ४० मिलिग्रॅमच्या चाचणीत जास्त डोसने आजार पुन्हा उफाळण्याचं प्रमाण कमी झालं नाही, तेव्हापासून फुफ्फुसापुरता आजार असेल तर ४० ने सुरुवात करायला माझा हात धजत नाही. चार-सहा आठवड्यांनी पीएफटी बघायची, मग हळूहळू डोस उतरवायचा. एकूण उपचार सहा महिने ते वर्षभर, कधी जास्त. उतरवताना पुन्हा दम लागला किंवा साखर ऐकेना तर मेथोट्रेक्सेट जोडायचं. ते आठवड्यातून एकदाच घेतात. रोजची गोळी समजून घेतलं तर जीवावर बेततं, हे मी चिठ्ठीवर लाल शाईने लिहितो.

फुफ्फुस बरं असलं तरी थांबायचं नाही, अशीही काही कारणं आहेत. छातीत धडधड, भोवळ येऊन पडणं, किंवा ईसीजीत विद्युतवाहनाचा अडथळा दिसला तर हृदय. डोळा लाल होऊन दुखणं, धूसर दिसणं. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणं. रक्तातलं कॅल्शियम वाढणं. यातलं काहीही असलं तर एक्स-रे कितीही साधा दिसो, उपचार लागतातच, आणि हृदयाचं असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

कॅल्शियमवरून आठवलं. 'अंगात कस नाही' म्हणून दुकानातून व्हिटॅमिन डीच्या पुड्या स्वतःहून आणू नका. या आजारातले ग्रॅन्युलोमा स्वतःच डीचं सक्रिय रूप तयार करतात, आणि साध्या तपासणीत डी कमी दिसत असतानाही कॅल्शियम वर गेलेलं असू शकतं. मग किडनीत खडे होतात, कधी किडनीच दगा देते. घ्यायचंच असेल तर आधी कॅल्शियम तपासून, आणि मला विचारून.