लिंक्डइनवरून आम्हाला व्हीएमसी प्रोग्रॅमर कसा मिळाला

भोसरीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. २२ माणसं, ३ व्हीएमसी म्हणजे प्रोग्रॅमवर चालणारी धातू कापायची मशीनं, अ‍ॅल्युमिनियमची कामं जास्त. गेल्या वर्षी आमचा मुख्य प्रोग्रॅमर गावाकडे परत गेला. एजन्सीने दोघं पाठवले, दोघंही तीन महिन्यांत चाकणच्या मोठ्या कंपन्यांत गेले. मग भाचा म्हणाला, "मामा, लिंक्डइनवर कंपनीचं पेज काढा."

पेज काढलं, लोगो चढवला, इंटरनेटवरून चकचकीत यंत्रमानवाचा फोटो लावला आणि खाली "वेगाने वाढणाऱ्या कुटुंबाचा भाग व्हा" असं लिहून नोकरीची जाहिरात टाकली. चार दिवसांत १४० अर्ज! आनंद दुपारपर्यंतच टिकला. Easy Apply चं बटण दाबायला काही लागत नाही, त्यामुळे त्यात बीकॉमवाले होते, नुकते पास झालेले होते, एक हॉटेल मॅनेजरही होता. "एनएक्स कॅमवर किती वर्षं काम केलं?" असा प्रोग्रॅमिंगच्या सॉफ्टवेअरबद्दलचा प्रश्न जाहिरातीला जोडला, तर बहुतेकांनी ५ टाकलं. फोनवर विचारलं, "पातळ भिंतीचा पार्ट शेवटचा कधी केला आणि मशीनवर पकडला कसा?" सहा-सात जणच दोन वाक्यांपुढे गेले. त्यातले दोघं बरे होते, पण मुलाखतीला आलेच नाहीत.

एकाला मी सरळ फोन करून कारण विचारलं. तो म्हणाला, "साहेब, तुमच्याकडे कोण काम करतं तेच दिसेना. पेजवर माणूसच नाही."

बघितलं तर खरंच होतं. आमच्या नऊ जणांची लिंक्डइनवर खाती होती, पण त्यांनी कंपनीचं नाव पेज निघायच्या आधी हाताने टाइप केलेलं. तसं लिहिलं की नावाशेजारी नुसता राखाडी चौकोन दिसतो आणि तो माणूस पेजला जोडला जात नाही. Experience मध्ये जाऊन कंपनीचं नाव पुन्हा टाइप करायचं आणि खाली येणाऱ्या यादीतून आपलं पेज निवडायचं, एवढंच काम. एका चहाच्या सुट्टीत सगळ्यांकडून करून घेतलं. यंत्रमानवाच्या जागी शॉपचा खरा फोटो लावला.

तिथेच माती खाल्ली. फोटोत मागच्या टेबलावर ग्राहकाचं ड्रॉइंग उघडं होतं आणि पार्ट नंबर सहज वाचता येत होता. दुसऱ्या दिवशी त्यांच्या खरेदी विभागातून फोन आला. गोपनीयतेच्या करारावर आपणच सही केलेली, बोलणार काय! फोटो काढला, माफी मागितली. तेव्हापासून फोटो टाकण्याआधी फोरमन तो मोठा करून कोपरे तपासतो.

खरं काम झालं ते फोरमनच्या एका पोस्टमुळे. एका अ‍ॅल्युमिनियम हाउसिंगचं बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, मशीनवर मापात यायचं आणि पकड सोडली की लंबगोल व्हायचं. बाजूने आवळल्यामुळे भिंत दबायची आणि सोडल्यावर परत उसळायची. त्याने पकड वरून, कडेच्या जाड भागावर घेतली, फिनिशिंगला ०.३ मिमी ठेवलं आणि शेवटच्या कटाआधी बोल्ट सैल करून हलकेच पुन्हा आवळले. ग्राहकाचा पार्ट दाखवता येणार नव्हता, म्हणून उरलेल्या तुकड्यातून तेवढ्याच जाडीची कडी बनवली आणि दोन्ही पद्धतींची मापं फोटोसह टाकली. मराठीतच, स्वतःच्या खात्यावरून. पेजवर टाकली असती तर आमच्याच लोकांनी पाहिली असती, असा माझा अनुभव. खाली प्रोग्रॅमर लोकांचा वाद रंगला. "बोल्टला टॉर्क किती दिला?" "सॉफ्ट जॉ का नाही वापरले?" फोरमन रात्री जेवण सोडून उत्तरं देत बसायचा. वहिनींची बोलणी मला खावी लागली.

पुढच्या जाहिरातीत पगार लिहायचं ठरवलं: ३८ ते ४५ हजार. पण आमच्याच दुसऱ्या प्रोग्रॅमरला ३३ मिळत होते, आणि जाहिरात तोही वाचणार. म्हणून आधी त्याचा पगार वाढवला आणि मगच जाहिरात टाकली. शनिवारी पूर्ण सुट्टी नाही आणि रात्रपाळी महिन्यातून एक आठवडा, हेही स्पष्ट लिहिलं. या वेळी अर्ज आले फक्त ३१, पण फोनवर बोलण्याजोगे अकरा निघाले.

त्यातला एक आता आमच्याकडे आहे. मुलाखतीला आला तेव्हा माझ्या केबिनमध्ये बसायच्या आधी म्हणाला, "ती कडी कुठं आहे? आधी ती दाखवा." फोरमनने ड्रॉवरमधून काढून त्याच्या हातात दिली. तो तिला अंगठ्याने दाबून बघत म्हणाला, "मी असतो तर ०.२ ठेवलं असतं." दोघं तिथेच पाऊण तास भांडले. पगाराचं बोलणं मग पाच मिनिटांत उरकलं.