साठ वेळा सहा वाजले

फोंडा, रात्रीचे साडेअकरा.

सकाळी पोदेराचा भोंपू वाजला तेव्हा मी अंथरुणातच होते. पाव घ्यायला उठले आणि फोन बघितला, तर बावीस मिस्ड कॉल. पहिला परत फोन लावला तो सावईवेऱ्याच्या काकांना. ते म्हणाले, "अगो, तुझ्या यंत्राला वेड लागलं काय? आमच्या गावचं नाटक किती वेळा सांगशील?"

आमच्या खात्यावर रोज सकाळी सहाला एकच पोस्ट जाते: आज रात्री कुठल्या देवळात कुठलं नाटक, पडदा किती वाजता, आणि खाली जाहिरातीच्या पानाचा दुवा. जत्रा-काल्यांचे दिवस सुरू झाले की बाबा गावोगाव फोन करून माहिती गोळा करतात, रात्री ती तक्त्यात भरतात, आणि सकाळी माझी छोटी स्क्रिप्ट ती पोस्ट करते. तीन वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. आज सात वाजता खातं उघडलं तर वर पट्टी: स्वयंचलित, वारंवार आणि एकसारखा मजकूर टाकल्याबद्दल खातं निलंबित.

पहिल्यांदा डोकंच फिरलं. अपिलाच्या चौकटीत मी काय लिहिलं होतं ते इथं नोंदवून ठेवते, म्हणजे पुन्हा कधी तसं लिहायला नको: "आम्ही लोकांची सेवा करतो, आमचा काही दोष नाही, बहुतेक कोणीतरी आमचं खातं हॅक केलं असावं, ताबडतोब सुरू करा." दैव बरं की पाठवण्याआधी लॉग उघडला.

हॅक-बिक काही नव्हतं. दोष माझा, एका ताऱ्याएवढा. परवापर्यंत ही स्क्रिप्ट भाड्याच्या सर्व्हरवर होती. त्याचं घड्याळ यूटीसीचं, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, म्हणून आपल्या सकाळच्या सहासाठी तिथं क्रॉनच्या, म्हणजे ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, ओळीत आधी मिनिट, मग तास असं 30 0 लिहिलं होतं. भाडं संपलं तशी स्क्रिप्ट घरच्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर आणली. याचं घड्याळ भारतीय, तेव्हा काल रात्री झोपेच्या डोळ्यांनी 0 चा 6 केला. आता 30 नको, म्हणून तिथं तारा घातला. मनात हिशोब असा की तास सहाचा, मिनिट कुठलंही चालेल.

```
* 6 * * *
```

क्रॉनला 'कुठलंही' कळत नाही. त्याच्या भाषेत तारा म्हणजे 'प्रत्येक'. सहाच्या तासातलं प्रत्येक मिनिट, म्हणजे 6:00 पासून 6:59 पर्यंत साठ वेळा. मला हवं होतं ते हे:

```
0 6 * * *
```

लॉगमध्ये सगळी कथा ओळीने मांडलेली होती. पहिल्या अठरा मिनिटांत अठरा पोस्टी गेल्या, प्रत्येक ओळीत 201, म्हणजे स्वीकारली. मग नऊ ओळी 429: फार मागण्या झाल्या, थांबा. त्यासोबत Retry-After: 900 असंही सांगितलेलं, म्हणजे पंधरा मिनिटं येऊ नका. माझी स्क्रिप्ट उत्तर वाचतच नाही, ती मिनिटाने पुन्हा दारात उभी. शेवटच्या तेहेतीस ओळी 403, दार बंद.

मला वाटतं, अठरा पोस्टींपेक्षा ते नऊ ठोकेच आपल्याला नडले. तोच मजकूर, तोच दुवा, आणि 'थांब' म्हटलं तरी न थांबणं. पलीकडून बघणाऱ्या यंत्राला यात आणि स्पॅमवाल्यात फरक कसा दिसावा? त्याच्या जागी मी असते, तर मीही बंदच केलं असतं.

एवढं कळल्यावर आधी क्रॉनची ती ओळ काढून टाकली, मग अपील पुन्हा लिहायला बसले. हॅकची गोष्ट सांगितली असती तर ती लगेच उघडी पडली असती, कारण सगळ्या मागण्या आमच्याच टोकनने आणि आमच्याच घरच्या पत्त्यावरून गेलेल्या. शिवाय प्रकरण पासवर्ड बदलण्याच्या वेगळ्याच रांगेत गेलं असतं. वेळही यूटीसीत बदलून दिली. 'सकाळी सहा' म्हटलं तर दूर देशी बसलेला माणूस त्याच्या नोंदीत भलतीकडेच शोधत बसेल. इंग्रजीत पाठवलं ते साधारण असं:

"आमचं खातं आज 00:57 यूटीसीला निलंबित झालं. 00:30 ते 00:47 या वेळात आमच्या स्क्रिप्टने एकच पोस्ट 18 वेळा टाकली, आणि नंतर 429 आल्यावरही ती थांबली नाही. कारण: काल रात्री वेळापत्रक बदलताना मी मिनिटाच्या जागी चुकून तारा लिहिला. चूक माझी आहे. स्क्रिप्ट बंद केली आहे आणि जुनं टोकन रद्द केलं आहे. यापुढे ती दिवसातून एकदाच पोस्ट करील आणि 429 आल्यावर त्या दिवसापुरती थांबेल. खातं स्वयंचलित असल्याचं आम्ही परिचयात लिहू. खातं उघडल्यास जादाच्या 17 पोस्टी मी स्वतः काढीन. लॉगच्या ओळी सोबत जोडल्या आहेत. कृपया माणसाकडून तपासणी व्हावी."

लॉग जोडताना मात्र हात थरथरला. प्रत्येक ओळीच्या शेवटी Authorization: Bearer आणि पुढे आमचं अख्खं टोकन छापलेलं. किल्ली दाराला लावूनच तक्रार द्यायला निघाले होते. टोकन रद्द केलं ते तेव्हा, आणि ओळींतूनही पुसलं. मग वर अपिलात ते वाक्य घातलं.

दुपारी धाकट्या भावाने दोन तोडगे आणले. एक, त्याच्या नावाने नवं खातं काढू. दोन, नाटकवाल्या तीस-चाळीस जणांना अपिलं करायला सांगू. दोन्हींना नाही म्हटलं. निलंबन चालू असताना त्याच घरातून दुसरं खातं म्हणजे बंदी चुकवणं, त्यात मूळ अपीलही जायचं. आणि चाळीस माणसांनी एकसारखा मजकूर पाठवायचा? सकाळी तेच तर केलं होतं! एकच अपील, त्याचा क्रमांक वहीत लिहिला, आता वाट बघायची. तो जरा रुसला. रुसू दे.

संध्याकाळी स्क्रिप्टला एक ओळ घातली:

```
[ "$(cat last)" = "$(date +%F)" ] && exit 0
```

last या फाइलीत शेवटच्या पोस्टची तारीख. आजचीच असली तर मुकाट्याने परत फिर. ही तारीख पोस्ट पाठवण्याच्या आधीच लिहायची असं ठरवलं, नंतर नाही. नेट मध्येच तुटलं आणि पोस्ट गेली की नाही कळलं नाही, तर एखादा दिवस रिकामा जाईल. नाटकाची बातमी एकदा चुकली तर बाबा फोनवर सांगतात, पण दोनदा जाता कामा नये.

बाबांनी आज सगळ्या गावांना स्वतःच फोन लावले. रात्री जेवताना म्हणाले, "पूर्वी असंच करायचो, तेव्हा कोणी बंद करत नव्हतं." मी काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी, सकाळचे 6:05.

उत्तर नाही. काल आलेली फक्त 'तुमचं अपील मिळालं' अशी यंत्राची पोच. स्क्रिप्ट प्लॅटफॉर्मला न जोडता नुसती फाइलीत लिहील अशी करून ठेवली होती. क्रॉनची ओळ नीट करून परत घातली आणि पाच मिनिटं पडद्यासमोर बसून राहिले. 6:00 ला एक ओळ आली. 6:01 ला काही नाही. 6:02 ला काही नाही. खाली पोदेराचा भोंपू वाजला, पाव आणायला जाते.