झपतालाची तिगुन आणि माझे वाया गेलेले तीन महिने

आमच्या तबल्याच्या क्लासमध्ये शास्त्राच्या नोट्सची एक झेरॉक्स फिरते. कुणी लिहिली, केव्हा लिहिली, कुणालाच ठाऊक नाही. झेरॉक्सची झेरॉक्स होत होत आता 'धा' आणि 'घा' यातला फरकही पुसलाय. त्या नोट्सवर माझा अजून राग आहे. खरं तर अर्धा राग माझ्यावरच असायला हवा, कारण जूनमध्ये हातात आलेले ते कागद मी सप्टेंबरपर्यंत उघडलेच नाहीत.

मी बँकेत नोकरी करते, वय एकेचाळीस. तबल्याच्या मध्यमा प्रथम परीक्षेला नोव्हेंबरच्या सत्रात बसायचं असं जूनच्या शेवटी ठरलं. फॉर्म, फोटो, फी वगैरे यथावकाश पार पडलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. अडलं ते शास्त्रापाशी. रियाज रोज व्हायचा, पाऊस असो नाहीतर नवऱ्याची मॅच असो. पण वही उघडायची म्हटलं की "नोव्हेंबरला अजून अवकाश आहे" हे वाक्य आपोआप तोंडात यायचं. प्रवेशिकेच्या वेळी आदल्या रात्री पाठ करून निभावलं होतं, त्याचाही माज होता.

फ्रिजवर वेळापत्रक लावून पाहिलं. मंगळवारी व्याख्या, गुरुवारी ताललेखन, रविवारी जीवनचरित्र. दोन आठवड्यांत त्यावर गॅसवाल्याचा नंबर लिहिला गेला. पुस्तक घेऊन गोदाघाटावर बसायचाही बेत केला होता. तिथे मी भेळ खाल्ली आणि घरी आले.

मग सप्टेंबरमध्ये एका संध्याकाळी झपताल वाजवताना सरांनी तिगुन, म्हणजे तोच ठेका तिप्पट लयीत, घ्यायला सांगितली. मी घेतली, समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, बरोबर आले. सर म्हणाले, "छान. आता सांगा, कितव्या मात्रेपासून उचललीत?"

मला सांगता येईना. हाताला माहीत होतं, मला नव्हतं. बाजूला बसलेला नववीतला मुलगा हळूच "सातव्या" म्हणाला. सर मला एवढंच म्हणाले, "ताई, हे पेपरात लिहायचं असतं, तिथे डग्गा नसतो."

घरी येऊन पहिल्यांदा त्या नोट्स उघडल्या. त्यात तिगुन सातव्या मात्रेपासून अशी दिली होती: धीनाधी, धीनाती, नाधीधी, नाऽऽ. चला, सातवी बरोबर आहे, म्हणून मी ती चार वेळा लिहून पाठ केली. मग सवयीनं हातावर टाळी देत म्हणायला गेले, तर ठेका आधीच संपला आणि सम यायच्या आत दोन घरं नुसती रिकामी राहिली. मी लय चुकतेय असं वाटून पुन्हा म्हटलं. पाचव्यांदा लक्षात आलं की चूक कागदावर आहे.

इथून माझा अभ्यास सुरू झाला. वाचून नाही, भांडणातून. गणिताची चौकटींची वही घेतली आणि हिशोब मांडला. झपताल दहा मात्रांचा. एक पूर्ण ठेका तिपटीत म्हणायला दहा भागिले तीन, म्हणजे सव्वातीनपेक्षा किंचित जास्त मात्रा लागणार. मात्रा अर्धवट तोडून लिहिता येत नाही, म्हणून चार मात्रा धरायच्या: सात, आठ, नऊ, दहा. प्रत्येकीत तीन घरं, एकूण बारा. बोल दहाच. दोन घरं उरतात, आणि ती सुरुवातीला सोडायची, कारण शेवटचा 'ना' समेला चिकटून यायला हवा. म्हणजे सहाव्या मात्रेपर्यंत साधा ठेका आणि पुढे:

७: ऽऽधी
८: नाधीधी
९: नातीना
१०: धीधीना

टाळी देऊन म्हटलं, समेवर धपकन पडलं. रात्रीचे साडेअकरा वाजले होते, नवरा म्हणाला, "झोपा आता पंडितजी." मी त्याच रीतीनं चौगुनही काढली. अडीच मात्रा लागतात, म्हणून तीन धरायच्या. घरं बारा, म्हणजे पुन्हा रिकाम्या घरांचे दोन अवग्रह आधी, आणि आठव्या मात्रेत ऽऽधीना. दुगुन तर सरळच, पाच मात्रा, सहाव्यापासून.

ही रीत कुठल्याही तालाला चालते, म्हणून मी एकेक ताल रियाजानंतर लगेच लिहायला लागले. तबला झाकायच्या आधी, हात गरम असताना, एकच ताल, एकच पान. वेगळी वेळ काढायची म्हटलं की माझी वेळ निघत नाही, तीन महिन्यांचा अनुभव आहे. तोंडानं म्हणून सम चुकली की लिहिलेलं चूक, इतकी सोपी तपासणी आहे, उत्तरं कुणाला दाखवायलाही लागत नाहीत.

आठवलं म्हणून सांगते, प्रश्न नीट वाचा. एका आवर्तनात तिगुन मागितली असेल तर वरचं उत्तर. समेपासून तिगुन मागितली असेल तर अवग्रह लागतच नाहीत, दहा मात्रांत ठेका बरोबर तीन वेळा बसतो. मी सरावात याची एकदा गल्लत केली होती.

दुसरी गल्लत चिन्हांची. भातखंडे पद्धतीत समेला × आणि खालीला ० लिहितात. पलुस्कर पद्धतीत समेला १ आणि खालीला + असतं, आणि ० हे अर्ध्या मात्रेचं चिन्ह. तेच शून्य, अर्थ वेगळा. एका ओळीत दोन्ही पद्धती मिसळल्या की सगळा ताल बिघडतो. मी वहीच्या डाव्या पानावर भातखंडे आणि उजव्यावर पलुस्कर ठेवले, मग घोळ थांबला.

याच पद्धतीच्या विष्णु दिगंबर पलुस्करांचं जीवनचरित्र मात्र मी शेवटपर्यंत टाळलं. १८७२चा जन्म, १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय, १९३१ला निधन, हे आकडे डोक्यात राहतच नव्हते. मग एक दिवस आईकडे पंचवटीत जाताना लक्षात आलं की त्यांनी आपल्या नाशकातच रामनाम आधार आश्रम काढला होता. माझं बालपण त्याच भागात गेलं आणि मी आकडे पाठ करत बसले होते! त्यानंतर ते पान एकदा वाचलं, पुरलं.

ऑक्टोबरात एकदा कॅलेंडर घेऊन रविवार मोजले. नवरात्र, दिवाळी, नणंदेकडचं बारसं वजा जाता हाती चार उरले. जूनमध्ये हेच मोजले असते तर वीसेक होते, पण जूनमध्ये कोण मोजतं.

पेपरात रूपकची तिगुन आली. सात मात्रा, तीन धरायच्या, नऊ घरं, दोन अवग्रह, पाचव्यापासून: ऽऽती, तीनाधी, नाधीना. बाकावर बोटांनी टाळी देऊन पाहिली तर पर्यवेक्षक बाईंनी डोळे मोठे केले. मी हात खाली घेतला, पण सम आली होती.

निकालानंतर मी त्या नोट्समधली तिगुन पेन्सिलनं दुरुस्त करून कागद क्लासमध्ये परत दिले. परवा नव्या मुलीच्या हातात तीच गठ्ठी दिसली. नाऽऽ जसंच्या तसं. झेरॉक्समध्ये पेन्सिल उमटलीच नाही.