तोरणमाळच्या पावसात बूट-मोजे वाळवणं : दोरीवर विसंबू नका

पावसाळ्यात सातपुड्यातल्या तोरणमाळला चालत निघालात की शहाद्यापासून वरपर्यंत जो भेटेल तो एकच सांगतो. वर वारा भन्नाट असतो, रात्री दोरीवर टाका, सकाळी कपडे खडखडीत. साफ खोटं आहे हे, आणि याच भरवशावर लोक मोज्यांचा दुसरा जोडही न घेता येतात.

सपाटीवर हे खरं असेल. शहाद्याकडे पाऊस उघडला की ऊन पडतं आणि कपडे भराभर वाळतात. वर, हजार मीटरच्या पुढे, ढगच अंगणात उतरलेला असतो. ती हवा आधीच पाण्याने भरलेली, तिच्यात आणखी पाणी मावणार कुठे? पडवीत संध्याकाळी टाकलेलं जाकीट पहाटे तितकंच ओलं होतं, उलट गळ्यापाशी जास्त गार लागत होतं. म्हणून वाट बघत बसू नका. पाणी उडून जात नाही, ते पिळून आणि टिपून बाहेर काढावं लागतं.

सगळा घात ओढ्यांनी केला. घाटरस्ता सोडून पायवाट धरली की गुडघाभर पाण्यातून जावं लागतं आणि बुटात पाणी वरून शिरतं. (पाणी गढूळ आणि जोरात असेल तर उतरूच नका, रस्त्याने जा.) इथे महागडे वॉटरप्रूफ बूट सगळ्यात वाईट. आतला पडदा पाणी बाहेर जाऊ देत नाही, बूट म्हणजे भरलेली बादली. माझं मत स्पष्ट आहे: सातपुड्यात जाळीचे हलके बूट घाला.

मुक्कामी पोचल्यावर आधी चहा नको, आधी बूट. नाड्या पूर्ण काढा, जीभ बाहेर ओढा, आतला तळवा काढून भिंतीला उभा करा. बूट उलटा धरून झटका. मग पंचा आत कोंबून दाबा, पिळा, परत दाबा. त्यानंतर वर्तमानपत्राचे सैल बोळे आधी चवड्यात, मग टाचेपर्यंत भरा. पहिले बोळे अर्ध्या तासात लिबलिबीत होतात, ते लगेच बदला. दुसरे जेवणाआधी, तिसरे झोपताना. न बदललेला ओला कागद बुटाला ओलंच ठेवतो, आणि लोक नेमके इथेच आळस करतात. गुळगुळीत पुरवण्या पाणी टिपत नाहीत, साधाच कागद हवा. सकाळी निघालेला बोळा हाताला कडक लागला तर समजा जमलं. मऊ लागला तर बूट दमट आहे, पण चालण्याजोगा आहे. रात्रीत कोरडाठाक बूट मिळेल ही आशा सोडा.

मोज्यांना पंचाच कामाचा. आधी हाताने पिळा, मग पंच्यावर आडवे ठेवून घट्ट गुंडाळी करा आणि तिच्यावर उभे राहा. पंचा भिजेल, मोजे नुसते दमट राहतील. मग एकपदरी स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरा, बाटली उलटी धरून झाकण गळत नाही ना ते तपासा, तिच्यावर मोजे चढवा आणि अंथरुणात घ्या. थर्मास चालत नाही, तो उष्णता बाहेर सोडतच नाही. बाटली निवली की मोजे मांडीवर, कपड्याच्या आत. लोकरी किंवा सिंथेटिक मोजे असे पहाटेपर्यंत वाळतात, सुती नाही.

आता चूल. आम्ही उतरलो तिथे बूट चुलीपाशी ठेवायचे माणशी शंभर रुपये घेतले. पैशांपेक्षा राग याचा की आमच्यातल्या एकाच्या बुटाचा तळ चवड्यापासून सुटला. उष्णतेने गोंद मऊ होतो आणि चामडं तडकतं. बुटाच्या जागी आपला तळहात धरा. तो तिथे निवांत ठेवता येत नसेल तर बूटही ठेवू नका. जाकीट तर चुलीच्या आसपासही नको, एक ठिणगी उडाली की नायलॉनला भोक.

जाकीट बाहेरून कमी, आतून घामानेच जास्त भिजतं. झटका, उलटं करा, आतली बाजू पुसा, आणि पाऊस थांबला असेल तर अंगात घालूनच जेवणाची कामं करा. अंगाची ऊब ते दोरीपेक्षा लवकर वाळवते. अंथरुणात मात्र घेऊ नका, सगळी ओल पांघरुणात उतरते.

झोपायचा कोरडा जोड डबल प्लास्टिकमध्ये ठेवा आणि सकाळी तो काढून परत दमट कपडेच चढवा. जिवावर येतं, पण कोरडा जोड घालून निघालात तर पुढच्या मुक्कामी अंगावर घालायला काही उरत नाही. पायांना रात्रभर कोरडं ठेवा, सकाळी बोटांमध्ये व्हॅसलीन चोपडा. पांढरी, सुरकुतलेली कातडी सकाळीही पूर्ववत झाली नसेल आणि पाय बधिर वाटत असेल तर त्या दिवशी चालू नका.

यशवंत तलाव, सीताखाई वगैरे छानच आहे, त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. रद्दी तेवढी शहाद्यातच घ्या, दर मुक्कामाला माणशी दोन अंक तरी. वर आम्हाला मागूनही मिळाली नाही.