शेंदेलोणाच्या स्क्रीनशॉटची उलटतपासणी

घरच्या ग्रुपवर जाऊबाईंनी टाकलेला तो स्क्रीनशॉट तुमच्याही फोनवर कधीतरी येऊन गेला असेल. त्यातला मजकूर थोडक्यात असा : आयोडीनचं मीठ हा इंग्रजांनी आणि बड्या कंपन्यांनी मिळून रचलेला डाव आहे. डेन्मार्कने 1956 सालीच या मिठावर बंदी घातली, कारण त्याने नपुंसकत्व येतं. आपले आजी-आजोबा सैंधव म्हणजे शेंदेलोण खाऊन नव्वदीपर्यंत ठणठणीत जगले. आयोडीनचं मीठ आलं आणि घरोघरी थायरॉईडचे रुग्ण झाले. सैंधवात 84 खनिजं असतात, बीपी वाढत नाही, म्हणून आजच पांढरं मीठ फेकून द्या.

एरवी मी असं काही वाचून पुढे गेले असते. पण माझ्या नणंदेला तेव्हा पाचवा महिना होता आणि तिच्या सासरी मिठाचा डबा खरंच बदलला होता. गर्भातल्या बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉईड हार्मोनवर अवलंबून असते आणि ते हार्मोन तयार व्हायला आयोडीन लागतं. शाळेत विज्ञान शिकवताना हा धडा मी दरवर्षी घेते. त्यामुळे "हे खोटं आहे" एवढंच लिहून भागणार नव्हतं. कुठे आणि का खोटं आहे, ते दाखवणं भाग होतं.

सगळ्यात आधी मी तो मजकूर हाताने वहीत उतरवून काढला. चित्रातला मजकूर एका नजरेत गिळला जातो. उतरवताना प्रत्येक वाक्यापाशी थांबावं लागतं. मग माहिती सांगणारी वाक्यं आणि त्या माहितीवरून काढलेले निष्कर्ष वेगळे केले. माहितीच्या वाक्याला विचारायचं, "कशावरून?" निष्कर्षाला विचारायचं, "वरचं सगळं खरं मानलं, तरी हे त्यातून निघतं का?" हे दोन प्रश्न वेगळे ठेवले नाहीत तर वाद भरकटतो, कारण माहिती खरी असूनही निष्कर्ष चुकीचा असू शकतो. स्क्रीनशॉटची वरची कड कापलेली होती. तारीख नाही, मूळ पोस्टचा दुवा नाही, नुसतं नावामागे "डॉ." होतं. याने मजकूर खोटा ठरत नाही. फक्त लिहिणाऱ्याला जाब विचारायची वाट बंद होते. शिवाय डॉक्टर कशाचे, हे कळल्यानेही "कशावरून?" या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही.

इंग्रजांचं वाक्य सर्वांत लवकर निकालात निघालं. मिठात आयोडीन घालायला स्वित्झर्लंडमध्ये 1922 च्या सुमारास आणि अमेरिकेत 1924 मध्ये सुरुवात झाली. भारतात राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम 1962 मध्ये सुरू झाला, म्हणजे इंग्रज जाऊन पंधरा वर्षं झाल्यावर. कंपन्यांना फायदा होतो, हे खरं मानू. पण फायदा होतो म्हणून वस्तू घातक, असं ठरत नाही. तोच न्याय लावायचा तर साध्या मिठाच्या कितीतरी पट भावाने विकलं जाणारं सैंधवही संशयित ठरेल.

डेन्मार्कच्या वाक्याने मात्र मला बराच वेळ गुंतवलं, कारण त्यात अर्धं सत्य आहे. डेन्मार्कमध्ये मिठात आयोडीन घालायला 1998 पर्यंत खरंच परवानगी नव्हती. पुढचा भाग पोस्टमध्ये नाही. तिथल्या लोकांत आयोडीनची कमतरता आढळली, म्हणून 1998 मध्ये आधी ऐच्छिक परवानगी दिली गेली. तेवढ्याने पुरेसा फरक पडेना, तेव्हा 2000 मध्ये घरगुती मिठात आणि पावाच्या मिठात आयोडीन घालणं सक्तीचं झालं. म्हणजे ज्या देशाचा दाखला दिला, त्या देशाने स्वतःच उलट दिशेने पाऊल टाकलं. आणि हे बाजूला ठेवलं तरी तर्कातली फट राहतेच. एखाद्या सरकारने बंदी घातली, हा त्या सरकारचा निर्णय झाला. त्यामागचं कारण नपुंसकत्व होतं, याला वेगळा पुरावा लागतो आणि पोस्टमध्ये तो नावालाही नाही.

आता आजी-आजोबा. नव्वदी गाठलेले आजोबा आठवतात, कारण ते होते. जे लहानपणीच गेले, त्यांची आठवण सांगणारं कुणी उरलेलं नसतं. शिवाय आमच्याकडे आजी सैंधव रोज वापरतच नव्हती. स्वयंपाकात किनाऱ्यावरच्या मिठागरांचं खडेमीठ असायचं. शेंदेलोण उपवासाला किंवा औषधाला. आणि ते यायचं कुठून, तर पंजाबातल्या खेवड्याच्या खाणींतून, ज्या आज पाकिस्तानात आहेत. म्हणजे दाव्याचा पायाच, निदान आमच्या घरापुरता, चुकीचा होता.

खरा मुद्दा थायरॉईडचा होता आणि जाऊबाईंना तोच पटला होता. त्यांना स्वतःला गोळी चालू आहे. "अगं, आमच्या लहानपणी कुणाला होता का थायरॉईड? मीठ बदललं आणि हे सुरू झालं," त्या फोनवर म्हणाल्या. एक गोष्ट दुसरीच्या नंतर घडली एवढ्यावरून पहिली दुसरीचं कारण ठरत नाही, हे मी त्यांना नुसतं सांगून उपयोग नव्हता. त्याच काळात थायरॉईडची टीएसएच ही रक्ततपासणी गावोगावच्या लॅबमध्ये पोचली. पूर्वी थकवा, वजन, केस गळणं हे "वयाचं आहे" म्हणून सोडून दिलं जायचं. आता त्याला नाव मिळतं. पण हा झाला दुसरा शक्य खुलासा. कोणता खुलासा बरोबर हे ठरवायला तुलना लागते : सगळं सारखं असलेली दोन गावं, एका गावात आयोडीनचं मीठ, दुसऱ्यात साधं.

अशी तुलना भारतातच झालेली आहे. हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात गलगंडाचं, म्हणजे गळ्यातली थायरॉईड ग्रंथी सुजण्याचं, प्रमाण फार होतं. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1956 मध्ये तिथे अभ्यास सुरू केला. खोऱ्याचे तीन भाग केले. दोन भागांना आयोडीन घातलेलं मीठ पुरवलं, एका भागाला साधं. काही वर्षांनी शाळकरी मुलांची तपासणी केली, तेव्हा आयोडीन मिळालेल्या दोन्ही भागांत गलगंडाचं प्रमाण जवळपास निम्म्यावर किंवा त्याखाली आलं होतं. साध्या मिठाच्या भागात ते कमी झालं नव्हतं. पुढे त्या भागालाही आयोडीनचं मीठ दिलं आणि तिथेही प्रमाण उतरलं. हवा, पाणी, खाणं, काळ यांतलं काही कारण असतं तर तिन्ही भागांत सारखाच बदल दिसला असता. पोस्टमध्ये नेमकी हीच तुलना गायब आहे. "घरोघरी" हा शब्द आहे, पण कुणाच्या तुलनेत जास्त, ते नाही.

तरी जाऊबाईंच्या म्हणण्यात एक कण खरा होता आणि तो दडवणं मला पटलं नाही. ज्या समाजात बराच काळ आयोडीन कमी होतं, तिथे ते वाढवल्यावर काही प्रकारचे थायरॉईडचे आजार थोडे वाढलेले दिसतात. डेन्मार्कमध्येही सक्तीनंतर काही वर्षं थायरॉईड जास्त काम करण्याच्या तक्रारी वाढल्या होत्या आणि मग त्या उतरल्या. म्हणून थायरॉईडचा आजार असलेल्याने आयोडीनविषयी आपल्या डॉक्टरांना विचारणं योग्यच. पण "काहींना, काही काळ, थोडं" यावरून "सगळ्यांनी फेकून द्या" इथवर उडी मारता येत नाही. पोस्ट नेमकी तीच उडी मारते.

"84 खनिजं" या दाव्यात आकडा मोठा आहे, मात्रा मात्र सांगितलेली नाही. सैंधव सुमारे 97 ते 98 टक्के सोडियम क्लोराईडच असतं, म्हणजे आपलं नेहमीचंच मीठ. उरलेल्या दोन-तीन टक्क्यांत बाकी सगळं. पोटॅशियम पाहा : एका किलोत साधारण तीन ग्रॅम धरलं, तर दिवसाच्या पाच ग्रॅम मिठातून पंधरा मिलिग्रॅम मिळेल. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला किमान साडेतीन हजार मिलिग्रॅम सुचवते. एका केळ्यातच साडेतीनशेच्या आसपास असतं. आणि सोडियम जवळपास तेवढंच असल्यामुळे "बीपी वाढत नाही" हा निष्कर्षही गळून पडतो.

आयोडीनचा हिशेब मी नणंदेसाठी मुद्दाम लिहून काढला. नियमानुसार ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या मिठात किमान 15 पीपीएम आयोडीन हवं, म्हणजे एका ग्रॅममध्ये 15 मायक्रोग्रॅम. पाच ग्रॅममध्ये 75 झाले. मोठ्या माणसाची रोजची गरज 150, गरोदरपणात 250. बाकीचं दूध, अंडी, मासे यांतून येतं. घर शाकाहारी असेल तर मिठाचा वाटा आणखी मोलाचा. दुसऱ्या टोकाला, 30 पीपीएमचं मीठ दहा ग्रॅम खाल्लं तरी आकडा 300 वर थांबतो. "आयोडीनचा मारा" म्हणावं असं त्यात काही नाही.

गावातल्या आशाताईंकडे मीठ तपासायचा किट असतो. थेंब टाकला की आयोडीनचं मीठ निळं-जांभळं होतं. शेंदेलोणावर रंग आला नाही, त्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा मोह झाला होता. टाकला नाही. मिठात आयोडीन बाहेरून ज्या रूपात घालतात, ते आयोडेट हा किट दाखवतो; आयोडीन दुसऱ्या रूपात असेल तर रंग येणार नाही. म्हणजे "सैंधवात आयोडीन शून्य" हे त्या फोटोने सिद्ध होत नव्हतं आणि तसं भासवलं असतं तर मीही त्या स्क्रीनशॉटच्याच पंक्तीला बसले असते.

ग्रुपवर मी फक्त तीन गोष्टी लिहिल्या : डेन्मार्कची पुढची हकीकत, कांगड्याची तुलना आणि 75 चा हिशेब. जाऊबाईंचं नाव घेतलं नाही. त्यांना वेगळा फोन केला आणि आधी त्यांच्या मुद्द्यातलं खरं काय ते सांगितलं. "मग माझ्या गोळीचं?" त्यांनी विचारलं. ते त्यांच्या डॉक्टरांना विचारायचं ठरलं. नणंदेने पुढच्या तपासणीत डॉक्टरांना विचारलं आणि तिच्याकडे आयोडीनचं पाकीट परत आलं. शेंदेलोण एकादशीपुरतं फळीवर आहे. सासूबाईंच्या बीपीसाठी मात्र मिठाची जात बदलून काही होणार नव्हतं. पापड, लोणचं आणि पानात वरून घेतलेलं मीठ, यांचं माप आता त्या आणि मी मिळून ठरवतो आहोत.