पवननगर ते अंबड: गृहकर्जाची एक फाइल

नाशिकमध्ये बँका आणि फायनान्स कंपन्यांसाठी कर्ज मागणाऱ्यांचा पत्ता आणि नोकरी प्रत्यक्ष जाऊन तपासणं हे माझं काम. कर्ज द्यायचं की नाही हे मी ठरवत नाही. जागेवर जे दिसलं आणि जे कानावर आलं ते फोटोसकट लिहून देतो. पण त्या एका पानावर फाइल अडते, म्हणून ही एक केस सविस्तर सांगतो.

अर्जदार तरुण होता. पाथर्डी फाट्याजवळ फ्लॅट घेण्यासाठी त्याला गृहकर्ज हवं होतं. फॉर्मवर राहण्याचा पत्ता सिडकोतल्या पवननगरचा आणि नोकरी अंबड एमआयडीसीतल्या एका मोठ्या कंपनीत, कायम.

सकाळी पवननगरला पोहोचलो. दारावर फक्त घरमालकांची पाटी. बाई बाहेर आल्या, नाव ऐकलं आणि म्हणाल्या, "असं कोणी राहत नाही इथं." त्यांचा चेहराच सांगत होता की हा वसुलीवाला आलाय. हे मला रोज दिसतं. कोणाचं कर्ज चाललंय हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगायचं नसतं, आणि ते योग्यच आहे. म्हणून ओळखपत्र दाखवून "मावशी, पत्त्याची चौकशी आहे" एवढंच म्हणालो. त्या काही बोलल्या नाहीत. अर्जदाराला फोन लावला, उचलला नाही. समोरच्या इस्त्रीवाल्याला फोटो दाखवला तर तो लगेच म्हणाला, "बाळा ना? वरच्या खोलीत. फर्स्ट शिफ्टला गेला असेल." फॉर्मवरचं नाव गल्लीत कोणालाच माहीत नव्हतं.

मी दोन्ही गोष्टी लिहिल्या: घरमालकिणीने नाकारलं, शेजाऱ्याने राहतो म्हणून सांगितलं. भाड्याने राहणाऱ्यांनी एवढं तरी करावं. घरमालकांना आधी सांगून ठेवावं, दाराला आपल्या नावाचा साधा कागद चिकटवावा, आणि भाडेकरार घरातल्या माणसाला सापडेल असा ठेवावा. आम्ही वेळ ठरवून येऊच असं नाही.

तिथून अंबडला गेलो. गेटवरच्या सिक्युरिटीने यादी पाहिली आणि मान हलवली. नाव नाही. मग म्हणाला, "ठेकेदाराचा माणूस असेल, थांबा." सुट्टी झाल्यावर अर्जदार स्वतः बाहेर आला. कारखान्यात आत मोबाइल नेऊ देत नाहीत, त्याचा फोन लॉकरमध्ये होता. तोवर बँकेच्या टीमचा एचआरला फोन करून झाला होता आणि उत्तर मिळालं होतं: या नावाचा कर्मचारी आमच्या रोलवर नाही. हा फोन अर्जदाराने दिलेल्या मोबाइलवर जातोच असं नाही. बँक कंपनीचा नंबर स्वतः शोधून लावते. पदनाम, रुजू झाल्याची तारीख, कायम की कंत्राटी, एवढंच बहुतेक विचारतात. पगाराचा आकडा बऱ्याच कंपन्या फोनवर सांगत नाहीत.

पोरगा खोटं बोलत नव्हता. तो वर्षानुवर्षं त्याच कंपनीत, त्याच मशीनवर उभा होता. पण पगारपत्रकाच्या माथ्यावर ठेकेदार फर्मचं नाव होतं. त्याच्या मोबाइलवर पीएफचं पासबुक उघडायला लावलं, तिथेही आस्थापना म्हणून तीच फर्म. फॉर्म एजंटने भरला होता आणि मोठ्या कंपनीचं नाव बरं दिसतं म्हणून तेच टाकलं होतं. मला याचा राग येतो. अशा फॉर्मवर सही करणारा माणूस नकळत चुकीची माहिती दिल्याच्या शेऱ्यात अडकतो, आणि तो शेरा साध्या नकारापेक्षा जड असतो. सही करण्याआधी फॉर्मवरचं कंपनीचं नाव, पगारपत्रकावरचं नाव आणि बँकेच्या पासबुकात पगार जमा करणाऱ्याचं नाव शेजारी शेजारी ठेवून वाचा. तिन्ही जुळली पाहिजेत.

रिपोर्टमध्ये मी लिहिलं: याच आवारात काम करतो, नेमणूक ठेकेदाराकडे. त्याला सांगितलं, शाखेत जाऊन दुरुस्तीचं पत्र दे, ठेकेदाराचं नेमणूकपत्र आणि पीएफ पासबुक जोड, आणि फर्मच्या ऑफिसात जो फोन उचलतो त्याला कल्पना देऊन ठेव. जाताना त्याने खिशात हात घातला. मी नको म्हणालो. तपासणीसाठी अर्जदाराने पैसे द्यायचे नसतात, मूळ कागद हातात द्यायचे नसतात, आणि ओटीपी तर फोनवरही कोणाला सांगायचा नसतो.

पुढे फेरतपासणी माझ्याकडेच आली. या वेळी बाईंनीच वर नेऊन खोली दाखवली. ठेकेदाराच्या क्लार्कने रजिस्टर काढून रुजू तारीख वाचून दाखवली, ती पीएफच्या पहिल्या नोंदीशी जुळत होती. कर्ज मंजूर झालं, पण मागितलं त्यापेक्षा कमी. नोकरी कंत्राटी म्हणून नियम वेगळे लागले आणि ओव्हरटाइमचे पैसे बँकेने पूर्ण धरले नाहीत.